मैत्रिणींच्या केरळ ट्रिपला पैशांमुळे नाही म्हणायचंय, खोटं कारण न देता. कसं बोलू?

जुई_राजेंद्रनगर

नमस्कार, एरवी मी इथे फक्त वाचते, पण आज लिहावंच लागतंय कारण घरात कुणाशी बोलावं तेच कळत नाहीये.

आम्ही सहा मैत्रिणी, शाळेपासूनच्या. पाच जणी इंदुरातच, एक देवासला. यंदा सगळ्यांना चाळीस पूर्ण होताहेत म्हणून वृषालीने (खरं नाव नाही) केरळ ठरवलंय, ६ ते १२ डिसेंबर, कोची, मुन्नार, थेकडी, अलेप्पीला एक रात्र हाउसबोट आणि परत. नवरे नाहीत, मुलं नाहीत, फक्त आम्ही. प्रत्येकी ३७,५०० सांगितलेत विमानासकट, जेवणं आणि वरचा खर्च ज्याचा त्याचा. अनंत चतुर्दशीच्या आत प्रत्येकी १०,००० ॲडव्हान्स द्यायचाय.

मला जमणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. जूनमध्ये सासूबाईंचा गुडघा बदलला, मेडिक्लेम होता पण खोली पॉलिसीच्या लिमिटपेक्षा महाग घेतली गेली आणि मग नुसता खोलीचा फरक नाही तर सगळंच बिल त्या प्रमाणात कापलं, आम्हाला हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं. खिशातून एक लाख ऐंशी हजार गेले. घराचा हप्ता २३,४०० चालू आहे. बचत खात्यात आज ६१,००० आहेत आणि तेवढेच आहेत, त्याला हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

तर प्रश्न पैशांचा नाही, पैशांचं ठरलेलं आहे. प्रश्न सांगायचा आहे. ग्रुपवर वृषालीने तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा "बघते गं" लिहिलं. काल तिने विमानासाठी आधार कार्डावरचं नाव मागितलं तेव्हा पोटात गोळा आला. खोटं बोलायचं नाहीये, पण कुणी कीव केलेलीही मला नकोय. कसं बोलू?

सुदामानगरकर

ताई अजिबात टेन्शन घेऊ नका, केरळ यापेक्षा खूप स्वस्तात होतं. विमान कशाला पाहिजे, आपल्या इंदूरवरूनच अहिल्यानगरी एक्स्प्रेस जाते की, आठवड्यातून एकदा असते, एर्नाकुलमला उतरायचं, दोन दिवसांच्या आसपास लागतात पण सहा बायका असल्यावर प्रवासातच मजा. घरून पुऱ्या, सेव, चिवडा न्यायचा. मुन्नारमध्ये होमस्टे घ्या, हाउसबोट रात्रीची न घेता दिवसाची घ्या किंवा अलेप्पीत सरकारी बोट चालते तिने फिरा, काही रुपयांत बॅकवॉटर बघून होतं. मी सगळा प्लॅन करून देतो, वीस-बावीस हजारांत बसवतो.

जुई_राजेंद्रनगर

दादा, खूप आभार, पण मला बावीसही काढायचे नाहीत. आणि बाकीच्या पाच जणींचं ठरलंय ते त्यांना आवडलंय, माझ्यासाठी त्यांनी दोन दिवस गाडीत का काढावेत.

अपर्णा_ब

माझं मत, सरळ सगळा हिशोब समोर ठेवायचा. हप्ता इतका, ऑपरेशनला इतके गेले, शिल्लक इतकी. मैत्रिणी आहेत, परक्या नाहीत. आकडे बघितले की कुणी आग्रह करत नाही. अर्धवट बोललं की लोक तर्क लावतात. ग्रुपवरच लिहून टाक, एकदाच काय ते होऊन जाईल.

मधूकाका_रामबाग

जुई, मी आमच्या मंडळाच्या सहली १९९८ पासून जमवतोय, आधी बँकेतले लोक, आता निवृत्तांचा ग्रुप. "नाही" ऐकायच्या बाजूला मी पंचवीसेक वर्षं बसलोय तेव्हा त्या बाजूचं थोडं सांगतो.

आधी एक गोष्ट, जी बहुतेक नाही म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते. तुला वाटतंय की तू गळलीस की बाकी पाच जणींना ट्रिप महाग पडेल, म्हणून तू पुढे ढकलतेयस. बरोबर? मला वृषालीने कसं बांधलंय ते लिही, गाडी कोणती, खोल्या किती, बोट किती बेडरूमची. मग हिशोबच करून दाखवतो.

अपर्णाताईंचं निम्मं पटलं. खरं कारण सांगावं, हे बरोबर. पण आकडे मांडू नयेत आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. आकडा मांडला की समोरचा माणूस तो सोडवायला बसतो, त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. हप्ता २३,४०० म्हटलं की कुणीतरी म्हणणार, अगं लोन दुसऱ्या बँकेत फिरव. शिल्लक ६१ म्हटलं की कुणीतरी म्हणणार, मग निघतात की त्यातून. मग तुला तुझाच खर्च तुझ्याच मैत्रिणींपुढे राखत बसावं लागतं.

अपर्णा_ब

हम्म. हे खरंय. माझ्या नणंदेच्या बाबतीत अगदी असंच झालं होतं, आम्ही सगळे तिचं बजेट दुरुस्त करत बसलो होतो आणि ती गप्प. पण काका, आकडे नाही दिले तर बहाणा वाटत नाही का?

जुई_राजेंद्रनगर

काका, वृषालीने कागदावर मांडलेलं ग्रुपवर टाकलं होतं ते लिहिते. १२ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर सात दिवस, रोजचे ६,०००. तीन खोल्या पाच रात्री, एका खोलीचे ४,०००. हाउसबोट तीन बेडरूमची, २७,०००. विमान माणशी १६,०००.

मधूकाका_रामबाग

झकास, हे पुरेसं आहे.

सहा जणी असताना गाडीचे ४२,०००, म्हणजे माणशी ७,०००. खोल्यांचे ६०,०००, माणशी १०,०००. बोट माणशी ४,५००. हे झाले २१,५०० आणि वर विमान १६,०००, म्हणजे तिचे ३७,५०० बरोबर आहेत.

आता समज तू सगळं बुक झाल्यावर नोव्हेंबरात नाही म्हणालीस. गाडी तीच, खोल्या त्याच, बोट तीच, भागायला पाच. गाडी ८,४००, खोल्या १२,०००, बोट ५,४००. एकूण २५,८००. म्हणजे पाचही जणींना प्रत्येकी ४,३०० चा भुर्दंड, आणि तुझं विमानाचं तिकीट स्वस्तातलं असेल तर त्यातलेही फारसे परत येत नाहीत.

आणि समज तू आज नाही म्हणालीस. पाच जणींना टेम्पो ट्रॅव्हलर लागतच नाही, इनोव्हा पुरते, तिकडे ती रोजचे ४,५०० धरली तर सात दिवसांचे ३१,५००, माणशी ६,३००. खोल्या दोनच, एकीत जास्तीची गादी, गादीचे रात्रीचे १,२०० धर. पाच रात्रींचे ४६,०००, माणशी ९,२००. बोट दोन बेडरूमची, एका खोलीत गादी टाकून, साधारण २०,०००, माणशी ४,०००. एकूण १९,५००. म्हणजे सहांच्या वेळेपेक्षा प्रत्येकीचे २,००० कमीच.

तेव्हा तू आज नाही म्हणालीस तर त्यांचं नुकसान काहीच नाही. तू "बघते" म्हणत राहिलीस तर आहे. सहल जमवणाऱ्याला नकाराचा राग येत नाही गं, उशिरा आलेल्या नकाराचा येतो, कारण तोवर त्याने कुणाला तरी शब्द दिलेला असतो.

रेणुका_तिलकनगर

काका हिशोब ठीक आहे पण पाच रात्री गादीवर कोण झोपणार? चाळिशीच्या बायका आहोत आम्ही, पाठी धरतात. आमच्या ट्रिपला यावरूनच अबोला झाला होता. कागदावर दोन हजार वाचतात आणि तिथे पोचल्यावर तिसरी खोली घ्यावी लागते.

मधूकाका_रामबाग

रेणुकाताई, मान्य. तिसरी खोली घेतली तर खोल्यांचे १२,००० होतील, गाडी आणि बोट बदलल्याने तरी ६,३०० आणि ४,०००, एकूण २२,३००. सहांच्या वेळेपेक्षा ८०० जास्त. तेवढं कुणालाही चालतं.

केतन_बडोदा

मी वडोदऱ्याचा, माझी गोष्ट सांगतो, जुईताईंच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मित्रांबरोबर मनालीला गेलो, नाही म्हणायची हिंमत नव्हती. ६०,००० क्रेडिट कार्डावर टाकले आणि बारा महिन्यांचा ईएमआय करून घेतला, १५ टक्क्यांनी. महिन्याला ५,४१५ जायचे. व्याज साधारण पाच हजार, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळी.

पण ते पैसे फार नाहीत, मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तिथे सगळे पॅराग्लायडिंगला गेले आणि मी म्हणालो माझी मान दुखतेय. संध्याकाळी सगळे बाहेर जेवायला, मी म्हणालो भूक नाही आणि खोलीत बसून घरून नेलेला खाखरा खाल्ला. मित्रांना वाटलं मी रुसलोय. एकाने विचारलंही, काय झालंय तुला, आमच्याबरोबर नकोसं वाटतंय का. म्हणजे नाही म्हणून मैत्री बिघडेल म्हणून गेलो आणि जाऊनच बिघडली थोडी. अजून मी त्याला खरं कारण सांगितलेलं नाही.

विभा_स्नेहलतागंज

केतन, वाचून वाईट वाटलं. त्याला सांगून टाका, अजून उशीर नाही झालेला.

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे जिला खोटं कारण सांगितलं गेलं ती. दोन वर्षांपूर्वी आम्ही राजस्थान ठरवलं होतं, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणाली मुलीची युनिट टेस्ट आहे. मी काय केलं, सगळ्यांना विनवून तारीख एक आठवडा पुढे नेली, एकीच्या नवऱ्याने तर सुट्टी बदलून घेतली. मग ती म्हणाली आता जाऊबाई येणार आहेत. मी म्हटलं जाऊबाईंना पण घेऊन ये. ती फोनवर रडायला लागली आणि मला काहीच कळेना मी काय चुकीचं बोलले.

तिला पैशांची अडचण होती, ते मला सहा महिन्यांनी तिच्या भावाकडून कळलं. मला राग आला नाही हो, पण फार लागलं. मी चांगलं करायला म्हणून एकेक दार बंद करत गेले आणि ती कोपऱ्यात सापडत गेली. खोटं कारण दिलं की समोरची त्या खोट्या कारणावरच उपाय करते. म्हणून जुई, सांग तिला. खरं सांग.

ग्वाल्हेरचा_अन्या

मला एक कळत नाही, वृषाली जर इतकी जवळची आहे आणि तिला परवडतंय तर तिने भरले तर काय बिघडलं? आमच्या ग्वाल्हेरच्या कंपूत आम्ही असंच करतो, ज्याच्याकडे आहे तो भरतो, पुढच्या वेळी दुसरा. मित्रांत कसला हिशोब. चाळिसावा वाढदिवस पुन्हा येणार नाही.

विभा_स्नेहलतागंज

अन्या, तुमच्यात फिरतं म्हणून चालतं. जुईला माहीत आहे की पुढच्या वर्षी तिची पाळी येणार नाही, हप्ता पुढच्या वर्षीही आहेच.

ग्वाल्हेरचा_अन्या

तरी मला नाही पटत. घेणाऱ्याला जड वाटतं हे समजतं, पण देणाऱ्याला पण द्यायचा आनंद असतो ना, तो आपण आपल्या मानापायी का नाकारायचा. असो, ज्याचं त्याने ठरवावं.

मधूकाका_रामबाग

अन्याचं पूर्ण चूक नाही, मी दोन्ही बघितलंय. एका जोडप्याला मित्राने सिंगापूरला नेलं आणि आजही दोन्ही घरं एकत्र जेवतात. दुसऱ्या ठिकाणी वीस हजारांवरून बोलणं बंद झालं. एवढं नक्की, की ऑफर येणारच आणि ती फोनवर अचानक येते, तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं हवं. ते नसलं की आपण "अगं नको, बघू" म्हणतो आणि ती भरून मोकळी होते.

जुई_राजेंद्रनगर

मला ती ऑफर नको आहे. हे आता लिहिताना मला स्वतःलाच स्पष्ट झालं.

मी काल रात्री मेसेज लिहून ठेवलाय, इथे टाकते, जरा बघता का:

"वृषाली, खूप खूप सॉरी गं, तुला कसं सांगू कळत नाही, मला खरंच यायचं होतं, तू इतकं केलंयस आणि मी अशी, पण बहुतेक मला नाही जमणार असं वाटतंय, आईंच्या ऑपरेशनमुळे आमचं बजेट पार कोलमडलंय आणि हे पण म्हणाले की यंदा नको, तरी बघते काही होतंय का, रागावू नकोस प्लीज."

मधूकाका_रामबाग

मनापासून लिहिलंयस, पण हे वाचून वृषालीला तू येतेयस की नाही ते कळणार नाही. एकेक शब्द बघू.

"बहुतेक", "असं वाटतंय", "तरी बघते". मराठीत "बघते" म्हणजे हो. आपल्याकडे लग्नाला बोलावल्यावर बघतो म्हणणाऱ्याचं पान धरलेलं असतं. हे तिन्ही काढ.

"बजेट कोलमडलंय". बजेट शब्द आला की पुढचा प्रश्न, तुझं बजेट किती? मग वर सुदामानगरकरांनी केलं तसं सगळे तुझ्यासाठी ट्रिप स्वस्त करायला लागतात. "परवडत नाही" म्हटलंस तर तिला वाटेल मी महागडी ट्रिप ठरवली, म्हणजे तिच्याच कामाला नाव ठेवल्यासारखं. त्यापेक्षा "यंदा सहलीसाठी पैसे काढायचे नाहीत असं ठरवलंय". यात पैशांचं कारण खरंखुरं सांगून झालं, आणि ठरलेलं आहे म्हणजे भाव करायला जागा नाही. मघाशी अपर्णाताईंनी विचारलं होतं आकड्यांशिवाय बहाणा वाटेल का, तर "पैसे" हा शब्द स्वच्छ उच्चारला की वाटत नाही. तो शब्द टाळून बाकी सगळं बोललं की वाटतो.

"हे म्हणाले". हे तर काढच. पाच जणींच्या तोंडी मग एकच होतं, नवरा सोडत नाही बिचारीला, आणि तुझा नवरा पुढची दहा वर्षं त्यांच्यात तसाच राहतो. ठरवलंय तुम्ही दोघांनी.

रेणुका_तिलकनगर

आणि आईंचं ऑपरेशन पण काढ, असं माझं मत. मैत्रिणी घरी येतात ना तुझ्या? एकदा कुणीतरी सासूबाईंसमोर बोलून जाईल, तुमच्या गुडघ्यामुळे हिची ट्रिप राहिली. त्यांना काय वाटेल.

जुई_राजेंद्रनगर

रेणुकाताई, तुम्ही हे लिहिलंत आणि मी थांबलेच. परवा मी गॅलरीत नवऱ्याशी याचबद्दल बोलून राहिले होते, मागे वळले तर आई वॉकर धरून दारात उभ्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्या पाटल्या आहेत ना माझ्या, तशाही घालत नाही मी." मला आधी कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलताहेत. कळलं तेव्हा मी आत जाऊन नुसती उभी राहिले ओट्यापाशी.

ऑपरेशनचं नाव काढणार नाही. कुणासमोरच नाही.

केतन_बडोदा

ताई 🙏

अपर्णा_ब

मी माझं आधीचं मागे घेते. ग्रुपवर नकोच. पण मग ग्रुपवर काय लिहायचं? काहीच नाही लिहिलं तर तेही विचित्र.

मधूकाका_रामबाग

आधी वृषालीला एकटीला फोन. मेसेज नाही, फोन, कारण मेसेजला आवाज नसतो आणि अशा वेळी तो कोरडा वाचला जातो. पाच मिनिटांचा, ती ऑफिसातून घरी येऊन चहा घेत असेल अशा वेळी. पहिल्या दोन वाक्यांत नकार यायला हवा, हवापाण्याच्या गप्पा मारून शेवटी नाही, म्हणजे तिला वाटतं एवढा वेळ ही मनात ठेवून बोलत होती. मग त्याच दिवशी ग्रुपवर दोन ओळी, फक्त निर्णय, कारण नाही. "मुलींनो, केरळला मी येत नाहीये, वृषालीशी बोलले आहे. हिशोब पाच जणींचा धरा." पाच जणींचा धरा, हे वाक्य असू दे, त्याने कुणाच्याही मनात आशा राहत नाही.

विभा_स्नेहलतागंज

काका, एक जोडते. ज्या गोष्टीत तिला यायचंय तेही तिने सांगावं, नाहीतर मैत्रिणींना वाटतं ही आता आपल्यापासून लांब चालली. पण मोबदला दिल्यासारखं नको, की केरळ नाही तर मांडू करू. नुसतं जे आधीपासून करतो तेच, आमचं उदाहरण घ्यायचं तर रविवारी सकाळी पोहे-जिलबीला भेटणं, ते तसंच चालू ठेवायचं. माझ्या मैत्रिणीने त्या वेळी तेही बंद केलं होतं, लाजेने.

जुई_राजेंद्रनगर

आज संध्याकाळी करते फोन. हात गार पडलेत.

जुई_राजेंद्रनगर

झालं. लिहून ठेवलं होतं वहीत, ते समोर धरूनच बोलले, साधारण असं झालं.

मी: "वृषाली, केरळचं सांगायला फोन केला. मी येत नाहीये. यंदा सहलीसाठी पैसे काढायचे नाहीत असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तीनदा बघते म्हणाले ते चुकलं माझं, तेव्हाच सांगायला हवं होतं."

ती गप्प. मला वाटतं दहा सेकंद असतील पण फार मोठे वाटले. त्या दहा सेकंदांत मी जवळजवळ "पण बघते" म्हणणार होते, खरंच सांगते, शब्द तोंडात आला होता. वहीत मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, गप्प राहायचं. राहिले.

मग ती म्हणाली, "अगं मग मी भरते ना तुझे. नंतर दे. नाहीतर देऊच नकोस."

मी म्हणाले, "तू म्हणालीस तेच मला पुरलं. पण तुझ्या पैशांनी आले तर सातही दिवस माझ्या डोक्यात तेच राहील आणि तू एखादी साडी घे म्हणालीस तरी मला लागेल. मला तुझ्याशी असं नाही व्हायला पाहिजे."

पुन्हा गप्प. मग "बरं" म्हणाली. रागाचं बरं नव्हतं, पण नेहमीचंही नव्हतं. मी काकांनी सांगितलेला इनोव्हाचा हिशोब सांगितला, दोन खोल्या आणि दोन बेडरूमची बोट, तेव्हा तिचा आवाज थोडा मोकळा झाला, म्हणाली थांब लिहून घेते, आणि मग गादीवर कोण झोपणार यावरून दोन मिनिटं आम्ही दोघी बोललो 🙂 रेणुकाताई, तुमचंच खरं, तिने तिसरी खोली ठेवली.

ग्रुपवर पण टाकलं. चौघींनी अंगठा दिला, एकीने लिहिलं "तू नाहीस तर कसली मजा, मन वळव गं हिचं कुणीतरी." तिला मी काहीच उत्तर दिलं नाही.

केतन_बडोदा

तुमचं वाचून मी आज मनालीच्या त्या मित्राला मेसेज केला. अजून ब्लू टिक नाही.

जुई_राजेंद्रनगर

चार दिवसांनी लिहितेय. एक गोष्ट सलतेय, ती विचारू का. त्यांनी पाच जणींचा नवा ग्रुप केला केरळसाठी. मला एकीच्या बोलण्यातून कळलं. आमच्या जुन्या ग्रुपवर त्यामुळे चार दिवस चिटपाखरू नाही. मला माहीत आहे त्यांनी वाईट मनाने नाही केलं. पण सकाळी उठून मोबाईल बघते आणि काही नसतं.

मधूकाका_रामबाग

मी असतो तर मीही केला असता. तिकिटं, खोल्या, पैसे कुणाचे आले कुणाचे राहिले, हे दिवसाला शंभर मेसेज तुझ्यासमोर येणं जास्त वाईट. ती सोय आहे, त्यात काही मनात धरू नकोस.

विभा_स्नेहलतागंज

काका, या वेळी मला नाही पटत. सोय असेल, पण एका ओळीत सांगायला काय हरकत होती, की तुला त्रास नको म्हणून वेगळा करतोय. न सांगता केलं म्हणून लागलं तिला. ती खरं बोलली ना त्यांच्याशी, मग त्यांनीही सांगायचं.

रेणुका_तिलकनगर

मला वाटतं त्यांनाही नाही म्हणणाऱ्याशी कसं वागायचं ते माहीत नाही. जुईने विचारावं का थेट? मला ठरवता येत नाहीये.

अपर्णा_ब

विचारू नये असं वाटतं. जुन्या ग्रुपवर तूच काहीतरी टाक, रोजचं, गणपतीचा फोटो वगैरे.

जुई_राजेंद्रनगर

विचारलं नाही. अपर्णाताई, तुमचं ऐकून गौरीच्या दिवशी फोटो टाकला, आई खुर्चीवर बसून गौरीला हार करताहेत तो. तिघींनी लगेच उत्तर दिलं, एकीने विचारलं आईंना जिना चढता येतो का आता.

नव्या ग्रुपचं मनातून पूर्ण गेलेलं नाही, खोटं कशाला सांगू.

आज दुपारी वृषालीचा फोन आला. म्हणाली, तुझी ती निळी ट्रॉली बॅग आहे ना, माझीचं हँडल तुटलंय, देशील का डिसेंबरात. मी हो म्हणाले. माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे, बाजूच्या कप्प्याची चेन अडकत होती, तिला मेणबत्ती घासली, आता नीट सरकते.